वॉरंटीच्या पत्रात शेवटची तारीख एक दिवस अलीकडे येते : कारण आणि दुरुस्ती

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ मी अर्ज, पत्रे आणि प्रतिज्ञापत्रे टंकून देण्याचे काम करतो. दुकानात येणाऱ्या कामांत वॉरंटीच्या दाव्याची पत्रे बरीच असतात, आणि त्यांसाठी मी अनेक वर्षे एकच एक्सेलची फाइल आणि वर्डमधला एकच मसुदा वापरत आलो आहे. फाइलमध्ये ग्राहकाचे नाव, वस्तू, बिल क्रमांक आणि खरेदीची तारीख भरली की वॉरंटी संपण्याची तारीख आपोआप निघते, आणि मेल मर्जने ती पत्रात जाऊन बसते. या आपोआप निघणाऱ्या तारखेनेच २०२४ मध्ये एका ग्राहकाचा दावा जवळजवळ बुडवला होता. नंतर जुनी पत्रे काढून पाहिली, तेव्हा हीच चूक आणखी काही पत्रांत सापडली, आणि इतर टंकलेखकांकडून आलेल्या पत्रांतही ती दिसली. म्हणून ती कशी घडते, कशी ओळखावी आणि पत्र गेल्यावरही कशी सुधारावी, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रकरण असे होते. कळव्यात राहणाऱ्या एका शिक्षिकेने १० नोव्हेंबर २०२३ रोजी, म्हणजे धनत्रयोदशीला, नौपाड्यातल्या एका दुकानातून फ्रीज घेतला. संपूर्ण फ्रीजवर खरेदीच्या तारखेपासून बारा महिन्यांची वॉरंटी होती, आणि कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वेगळी होती. १० नोव्हेंबर २०२४ रोजी, रविवारी सकाळी, फ्रीजमधले दूध नासलेले निघाले. आतला दिवा लागत होता, पण गारवा अजिबात नव्हता. बाईंनी त्याच सकाळी कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि तक्रार क्रमांकाचा एसएमएस त्यांना लगेच मिळाला. बुधवारी, १३ तारखेला, तंत्रज्ञ आला. त्याने कॉम्प्रेसर ठीक असून कंट्रोल बोर्ड गेल्याचे सांगितले. बोर्ड कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांत मोडत नाही, तो बारा महिन्यांच्या वॉरंटीतच येतो. तंत्रज्ञाने आपल्या भेटीची तारीख पाहिली, "वॉरंटी संपली आहे" असे म्हटले आणि बोर्ड व मजुरीचे अंदाजपत्रक हातावर ठेवले.

बाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. मी नेहमीप्रमाणे फाइलमध्ये नोंद केली, पत्र काढले, त्यांनी सही केली आणि पत्र ईमेलने व स्पीड पोस्टने गेले. कंपनीचे उत्तर चार दिवसांनी आले आणि ते अगदी थोडक्यात होते : आपल्याच पत्रानुसार वॉरंटी ९ नोव्हेंबर २०२४ रोजी संपली असून आपली तक्रार १० नोव्हेंबरची आहे, सबब दावा मान्य करता येत नाही. बाईंनी तो ईमेल मला दाखवला आणि विचारले, "दादा, आपण नऊ का लिहिलं? मी तर दहाला घेतला होता." माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हते. पत्र पुन्हा उघडले, तर त्यात खरोखरच ९ नोव्हेंबर २०२४ छापलेले होते.

चूक कशी होते

माझ्या फाइलमधले सूत्र असे होते, आणि अनेकांच्या फाइलमध्ये ते असेच असते. यातली `B2` म्हणजे खरेदीच्या तारखेची चौकट :

```
=B2+365
```

बारा महिने म्हणजे एक वर्ष आणि एक वर्ष म्हणजे ३६५ दिवस, या समजुतीवर हे सूत्र उभे आहे. एक्सेलमध्ये तारीख ही आतून दिवसांची एक संख्या असते, त्यामुळे तिच्यात ३६५ मिळवले की ३६५ दिवसांनंतरची तारीख मिळते, आणि एरवी ती पुढच्या वर्षीची तीच तारीख असते. पण १० नोव्हेंबर २०२३ आणि १० नोव्हेंबर २०२४ यांच्यामध्ये २९ फेब्रुवारी २०२४ येऊन गेला होता. या दोन तारखांमध्ये ३६६ दिवस होते, त्यामुळे ३६५ दिवस मोजणारे सूत्र ९ नोव्हेंबरला येऊन थांबले.

ही चूक पुन्हा पुन्हा डोके वर काढते, आणि तरी कोणाच्या लक्षात येत नाही, याचे कारण हेच आहे. खरेदी आणि तिच्या वर्षपूर्तीच्या मध्ये लीप दिवस आला तरच सूत्र चुकते. २०२४ च्या लीप दिवसाचा विचार केला, तर १ मार्च २०२३ ते २८ फेब्रुवारी २०२४ या काळात केलेल्या प्रत्येक खरेदीची तारीख या सूत्राने एक दिवस अलीकडे आणली. त्याआधीच्या आणि नंतरच्या खरेदीला तेच सूत्र बरोबर तारीख देते. म्हणजे फाइल तीन वर्षे निमूटपणे बरोबर चालते, चौथ्या वर्षाच्या खरेदीला चुकते आणि पुन्हा बरोबर चालू लागते. तीन वर्षांची बरोबर पत्रे पाहिलेल्या माणसाला सूत्रावर शंका घेण्याचे कारणच उरत नाही. पुढचा लीप दिवस २९ फेब्रुवारी २०२८ आहे, म्हणून सूत्र न बदलल्यास १ मार्च २०२७ पासूनच्या खरेदीच्या पत्रांत ही चूक पुन्हा येईल.

काहीजण महिन्याचे ३० दिवस धरून ३६० मिळवतात. त्यात तारीख पाच किंवा सहा दिवस अलीकडे येते. ती चूक मोठी असल्याने सहसा लवकर पकडली जाते. एका दिवसाची चूक मात्र नजरेतून सुटते, कारण "आदल्या दिवशी संपते" हे ऐकायला बरोबरच वाटते.

शेवटचा दिवस दहा की नऊ

सूत्र बदलण्याआधी हा प्रश्न नीट सोडवावा लागतो, कारण समोरची बाजू तो हमखास काढते. दहा तारखेला घेतलेल्या वस्तूची बारा महिन्यांची वॉरंटी पुढच्या वर्षी नऊला संपते की दहाला? खरेदीचा दिवस पहिला दिवस म्हणून मोजला तर नऊला संपते. तो वगळून दुसऱ्या दिवसापासून मोजले तर दहाला संपते.

उत्तर वॉरंटी कार्डावरच्या शब्दांत असते, म्हणून कार्ड हातात घेतल्याशिवाय तारीख काढू नये. कार्डावर बहुधा "फ्रॉम द डेट ऑफ पर्चेस", म्हणजे खरेदीच्या तारखेपासून, असे शब्द असतात. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या कलम ९ प्रमाणे केंद्रीय कायद्यात "फ्रॉम" हा शब्द आला की तो पहिला दिवस वगळला जातो, आणि त्याच कायद्यात महिना म्हणजे इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे मोजलेला महिना, दिवसांचा ठरावीक आकडा नव्हे, असे म्हटले आहे. हा कायदा कायद्यांच्या अर्थासाठी आहे, खाजगी वॉरंटी कार्डासाठी तो लिहिलेला नाही, हे प्रामाणिकपणे लक्षात ठेवावे. पण मुदत मोजण्याची रुजलेली रीत तीच आहे. धनादेशाच्या खटल्यांतली एक महिन्याची मुदत मोजताना सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या साकेत इंडिया प्रकरणात आणि पुन्हा २०१३ च्या इकॉन अंत्री प्रकरणात पहिला दिवस वगळण्याचीच पद्धत स्वीकारली. त्यामुळे कार्डावर नुसते "खरेदीच्या तारखेपासून बारा महिने" असेल, तर दहाला घेतलेल्या वस्तूची वॉरंटी पुढच्या वर्षीच्या दहा तारखेच्या अखेरीपर्यंत आहे, असे ठामपणे लिहावे. कार्डावर "खरेदीचा दिवस धरून" अशा अर्थाचे शब्द असतील, तर मात्र शेवटचा दिवस नऊच असतो आणि तो तसाच लिहिला पाहिजे.

बाईंच्या प्रकरणात नेमके काय बिघडले, ते येथे स्पष्ट होते. कार्डावर "फ्रॉम" हा शब्द होता, म्हणजे शेवटचा दिवस १० नोव्हेंबर होता. इतर वर्षी माझे सूत्र हीच, म्हणजे ग्राहकाच्या बाजूची मोजणी देत होते. लीप वर्षात त्याने न सांगता ती सोडली आणि कंपनीला सर्वांत सोयीची असणारी तारीख ग्राहकाच्या सहीने लिहून दिली. कंपनीला वाद घालण्याचीही गरज उरली नाही.

आणखी एक आधार काहीजण शोधतात. शेवटचा दिवस रविवार असेल तर मुदत सोमवारपर्यंत वाढते, असा समज आहे. जनरल क्लॉजेस अॅक्टचे कलम १० तसे सांगते, पण ते न्यायालयात किंवा सरकारी कचेरीत करायच्या गोष्टींविषयी आहे. सेवा केंद्र रविवारी बंद होते म्हणून वॉरंटी एक दिवस वाढते, असे त्यावरून म्हणता येत नाही. बाईंनी रविवारीच फोन केला, हेच त्यांच्या कामी आले. दारावर कुलूप असले तरी टोल फ्री क्रमांक किंवा ईमेल त्या दिवशीच वापरावा.

सूत्राची दुरुस्ती

दिवस मिळवायचे नाहीत, महिने मिळवायचे. त्यासाठी एक्सेलमध्ये वेगळे फंक्शन आहे :

```
=EDATE(B2,12)
```

१० नोव्हेंबर २०२३ ला ते १० नोव्हेंबर २०२४ देते, मध्ये लीप दिवस असो वा नसो. कार्डावर खरेदीचा दिवस धरायला सांगितला असेल, तर याच्या शेवटी `-1` लावावे. काही फाइलमध्ये याऐवजी पुढील सूत्र दिसते :

```
=DATE(YEAR(B2)+1,MONTH(B2),DAY(B2))
```

तेही चालते, फक्त २९ फेब्रुवारीला घेतलेल्या वस्तूला ते वेगळे उत्तर देते. २९ फेब्रुवारी २०२४ च्या खरेदीला २०२५ मध्ये जुळणारी तारीख नाही. अशा वेळी महिन्याचा शेवटचा दिवस, म्हणजे २८ फेब्रुवारी, धरण्याची रीत आहे, आणि `EDATE` तेच करते. दुसरे सूत्र १ मार्च २०२५ देते, आणि ती तारीख पत्रात लिहिली तर कंपनी आक्षेप घेऊ शकते. म्हणून मी `EDATE` च वापरतो.

हे सूत्र टाकल्यावर माझ्या चौकटीत तारखेऐवजी 45606 दिसू लागले. नवीन माणूस येथेच घाबरून जुन्या सूत्राकडे परत जातो, पण यात काहीही चुकलेले नसते. ती १० नोव्हेंबर २०२४ ची एक्सेलमधली संख्याच आहे. चौकटीचे स्वरूप तारखेचे केले की ती तारीख म्हणून दिसते.

तरीही पत्रात भलतीच तारीख छापली जाते

सूत्र सुधारले, एक्सेलमध्ये 10-11-2024 दिसले, मी समाधानाने मर्ज केले, आणि पत्रात छापले गेले 11/10/2024. बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी चष्मा सावरून वाचले आणि म्हणाल्या, "आता तर अकरा ऑक्टोबर झालं!" आपल्याकडे वाचणारा कोणीही ते तसेच वाचेल. कंपनीच्या कार्यालयातला कारकूनही तसेच वाचेल, आणि मग तक्रार वॉरंटी संपल्यावर महिन्याने केली असे दिसेल.

याचे कारण असे की एक्सेलमधून वर्डमध्ये मर्ज होताना तारखेची मूळ किंमत जाते, आपण दिलेले स्वरूप जात नाही, आणि वर्ड ती अमेरिकी पद्धतीने, महिना आधी आणि दिवस नंतर, अशी मांडते. उपाय म्हणजे तारीख मजकुरात बदलून पाठवणे. वेगळ्या स्तंभात मी हे ठेवले आहे, आणि मर्जमध्ये हाच स्तंभ जोडला आहे :

```
=TEXT(EDATE(B2,12),"[$-44E]d mmmm yyyy")
```

येथे `44E` हा विंडोजमधला मराठीचा संकेतांक आहे, त्यामुळे महिना अक्षरी आणि मराठीत येतो : 10 नोव्हेंबर 2024. महिना अक्षरांत असला की दिवस आणि महिना यांची अदलाबदल होण्याची शक्यताच राहत नाही. इंग्रजी पत्रासाठी `[$-44E]` काढून टाकावे. हाताने टंकलेल्या पत्रातही महिना अक्षरीच लिहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अदलाबदल मर्जच्या आधी, तारीख भरतानाही होऊ शकते, आणि ती अधिक घातक असते कारण मग सूत्र चुकीच्याच तारखेवर चालते. नव्या संगणकावर विंडोजची सेटिंग अमेरिकेची असेल, तर 10/11/2023 टंकल्यावर एक्सेल ते ११ ऑक्टोबर २०२३ समजते. १३ तारखेपासून पुढचे दिवस त्याला महिना म्हणून वाचताच येत नाहीत, म्हणून तो मजकूर समजून चौकटीच्या डाव्या बाजूला ठेवतो. एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, की हे झाले आहे असे समजावे. `intl.cpl` ही आज्ञा चालवून प्रदेशाचे स्वरूप इंग्लिश, इंडिया असे करावे, आणि त्यानंतर स्तंभातल्या तारखा पुन्हा टंकाव्यात, कारण आधी चुकीच्या वाचलेल्या तारखा सेटिंग बदलल्याने सुधारत नाहीत. माझ्या फाइलमध्ये आता खरेदीच्या तारखेशेजारीही एक अक्षरी स्तंभ आहे. तो बिलाशी ताडून पाहिल्यावरच मी पुढे जातो.

खरेदीची तारीख कुठून घ्यायची

बाईंच्या फ्रीजचे बिल १० नोव्हेंबरचे होते, पण भाऊबीज झाल्यावर तो घरी पोहोचला. वॉरंटी कार्डावर दुकानदाराने शिक्का मारला होता आणि तारखेची जागा कोरी ठेवली होती. अशा वेळी ग्राहक साहजिकच घरी आल्याच्या दिवसापासून मोजतो. पण कार्ड "खरेदीची तारीख" म्हणत असेल तर कर बिलावरची तारीखच धरावी, कारण कंपनी तीच मागते, आणि नंतरच्या तारखेवर उभे केलेले पत्र पहिल्याच तपासणीत पडते. काही वस्तूंच्या कार्डावर वॉरंटी बसवल्याच्या दिवसापासून लिहिलेली असते. तेथे बसवणी करणाऱ्याने दिलेली पावती हा आधार होतो. ऑनलाइन खरेदीत मागणी नोंदवल्याचा, बिलाचा आणि पोहोचल्याचा असे तीन दिवस असतात, आणि त्यांत शंका असेल तर बिलाचा दिवस घेऊन मोजावे.

बाईंचे बिल थर्मल कागदाचे होते. वर्षभर पर्समध्ये घडी घालून ठेवल्याने घडीच्या रेषेवरचे आकडे फिकट झाले होते आणि तारखेतला "10" उजेडात धरून वाचावा लागला. अशा बिलाची छायाप्रत आणल्या दिवशीच काढून ठेवली पाहिजे, कारण शाई गेली की तारीख कितीही बरोबर मोजली तरी तिला आधार राहत नाही.

चुकीचे पत्र गेले असेल तर

येथे बहुतेक ग्राहक हार मानतात. आपणच सही करून दिले, आता काय बोलणार, असे त्यांना वाटते. पण वॉरंटीची मुदत कंपनीच्या कार्डावरून आणि बिलावरून ठरते. आपल्या पत्रातल्या चुकीच्या बेरजेने ती कमी होत नाही. आपण फक्त कंपनीला बोट ठेवायला जागा दिलेली असते, आणि ती काढून घेण्यासाठी लगेच दुरुस्तीचे पत्र पाठवावे. जुन्या पत्राबद्दल मौन बाळगून नव्याच तारखेचे दुसरे पत्र पाठवू नये, कारण मग दोन पत्रे एकमेकांविरुद्ध उभी राहतात. आम्ही पाठवलेल्या पत्राचा मुख्य भाग असा होता :

"माझ्या १४ नोव्हेंबर २०२४ च्या पत्रात वॉरंटी संपण्याची तारीख ९ नोव्हेंबर २०२४ अशी लिहिली गेली आहे. ती आकडेमोडीतील चूक असून या पत्राद्वारे मी ती दुरुस्त करीत आहे. आपल्या वॉरंटी कार्डानुसार वॉरंटीची मुदत खरेदीच्या तारखेपासून बारा महिने आहे. खरेदीची तारीख १० नोव्हेंबर २०२३ असल्याचे सोबतच्या कर बिलावरून दिसते. खरेदीचा दिवस वगळून बारा कॅलेंडर महिने मोजल्यास वॉरंटीचा शेवटचा दिवस १० नोव्हेंबर २०२४ येतो. आधीच्या पत्रात बारा महिन्यांऐवजी ३६५ दिवस मोजले गेले होते. मधल्या काळात २९ फेब्रुवारी २०२४ हा दिवस आल्याने त्यात एका दिवसाचा फरक पडला. माझी तक्रार १० नोव्हेंबर २०२४ रोजी, म्हणजे वॉरंटीच्या मुदतीत, आपल्या टोल फ्री क्रमांकावर नोंदवली गेली आहे. तक्रार क्रमांकाचा एसएमएस सोबत जोडला आहे. तंत्रज्ञाच्या भेटीची तारीख ही आपल्या सोयीने ठरलेली असून ती तक्रारीची तारीख धरता येणार नाही."

या परिच्छेदात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. कार्डावरचे शब्द आधी येतात आणि तारीख नंतर, म्हणजे वाचणाऱ्याला ती आमची मागणी न वाटता त्यांच्याच अटीतून निघालेली दिसते. मोजणी कशी केली ते उघड सांगितले आहे, त्यामुळे कोणाला ती पडताळून पाहायची असेल तर दिनदर्शिका पुरते. आणि शेवटच्या तारखेशेजारीच तक्रारीची तारीख आहे. वॉरंटी कधी संपली एवढेच लिहून पत्र पाठवणाऱ्यांचा दावा अनेकदा तंत्रज्ञाच्या भेटीच्या तारखेवर अडकतो, कारण कंपनीच्या नोंदीत काम उघडल्याचा दिवस तोच असतो. म्हणून तक्रार क्रमांक ज्या एसएमएसवर आला त्याचे चित्र तारीख आणि वेळेसह जपून ठेवावे.

कंपनीने आठवडाभरात दावा मान्य केला आणि बोर्ड विनामूल्य बदलून दिला. तसे झाले नसते, तर पुढचा टप्पा १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक होता, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तेथील आयोगात तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोगापुढेही आधी तारखाच पाहिल्या जातात, म्हणून दुरुस्तीचे पत्र आणि त्याची स्पीड पोस्टची पावती त्या कागदांत असणे आवश्यक आहे.

फाइल सुधारल्यावर ती खरोखर सुधारली का, हे लगेच तपासता येते. माझ्या फाइलच्या वरच्या तीन ओळींत आता ग्राहक नाहीत, फक्त तारखा आहेत. १५ ऑगस्ट २०२२ पुढे १५ ऑगस्ट २०२३, १० नोव्हेंबर २०२३ पुढे १० नोव्हेंबर २०२४ आणि २९ फेब्रुवारी २०२४ पुढे २८ फेब्रुवारी २०२५ आले पाहिजे. पहिली ओळ जुन्या सूत्रानेही बरोबर येते, तिसरीही योगायोगाने येते. चूक पकडते ती मधली ओळ, म्हणून ती मी पिवळ्या रंगात ठेवली आहे, आणि नवीन संगणकावर फाइल उघडली की आधी तिच्याकडे पाहतो.